सामना चालू, पत्ता बदलला



शाळा-कॉलेजातली मुलं ज्या घरात आहेत, तिथे एक तक्रार हमखास ऐकू येते. मोबाईलवर गेम रंगात आलेला असतो, मुलगा फोन हातात धरून या खोलीतून त्या खोलीत किंवा दारापर्यंत जातो आणि नेमका तेव्हाच गेम थिजतो. पडद्यावर ‘Reconnecting’ येतं, पाच-सात सेकंदांनी खेळ परत सुरू होतो, तोवर आपला खेळाडू गारद झालेला असतो. मोठी माणसं म्हणतात, नेट स्लो असेल. मुलं म्हणतात, प्लॅन वाढवा. बऱ्याचदा दोन्ही निदानं चुकीची असतात. फोन वायफाय सोडून मोबाईल डेटावर जातो, त्या क्षणी नेमकं काय घडतं हे समजलं तर पैसे वाचतात आणि सामनाही.

आमच्या घरातलंच उदाहरण घेतो. हुबळीजवळच्या तारिहाळ औद्योगिक वसाहतीत माझ्या अण्णाचं छोटं वर्कशॉप आहे. मागच्या बाजूला ऑफिसची केबिन, तिथेच राऊटर. मधे लेथ आणि ड्रिलिंगची मशीनं असलेली पत्र्याची शेड आणि पुढे गेटपाशी वॉचमनची खोली. केबिनपासून गेट साधारण 35 मीटर. पुतण्या बारावीला आहे. संध्याकाळी क्लासहून थेट वर्कशॉपवर येतो आणि अण्णाचं काम आटपेपर्यंत मित्रांबरोबर चौघांच्या टीमचा गेम खेळतो. मधेच अण्णा हाक मारतो, “गेटवर टेम्पो आलाय, बघ रे.” पोरगं फोनसकट गेटकडे चालत जातं आणि तिथे गेम अडकतो.

असं चार-पाच वेळा झाल्यावर टीमची पोरं वैतागली. रविवारच्या स्पर्धेत याच्याऐवजी दुसऱ्याला घ्यायचं बोलणं सुरू झालं. इकडे अण्णा 50 एमबीपीएसचा प्लॅन बदलून 200 चा घ्यायला निघाला होता. पुतण्या मला म्हणाला, “काका, नेट तर फुल आहे. गेटवर यूट्यूबसुद्धा मस्त चालतं. मग गेमच का अडकतो?”

प्रश्न अगदी योग्य होता. उत्तराची सुरुवात यूट्यूबपासूनच करू.

व्हिडिओ पाहताना फोन पुढचे बरेच सेकंद आधीच उतरवून ठेवतो. पाण्याच्या टाकीसारखं आहे हे. मागचा नळ दहा सेकंद बंद झाला तरी टाकीत साठा असेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही. गेमला अशी टाकी ठेवताच येत नाही, कारण समोरचा खेळाडू पुढच्या सेकंदाला कुठे पळणार हे अजून ठरलेलंच नसतं. फोन दर सेकंदाला साधारण वीस ते साठ छोटी पॅकेटं पाठवतो आणि तशीच घेतो. माहितीचं प्रमाण मात्र अगदी किरकोळ. दीडशे बाइटची तीस पॅकेटं धरली तर सेकंदाला साडेचार हजार बाइट, म्हणजे 36 केबीपीएस. आणि 50 एमबीपीएस म्हणजे 50,000 केबीपीएस. नळ आधीच गरजेच्या हजारपट मोठा आहे, तो आणखी चौपट करून गेमला काय मिळणार? गेमला मोठा नळ लागत नाही, न तुटणारी धार लागते.

ती धार तुटते कुठे? गेटकडे चालत जाताना एकामागून एक तीन गोष्टी घडतात. आपल्याला मात्र तिन्ही मिळून ‘लॅग’ एवढंच दिसतं.

पहिली गोष्ट वायफाय सुटण्याच्या आधीची. वायफायच्या सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे 50 च्या आसपास उत्तम, उणे 65-67 पर्यंत ठीक, उणे 75 च्या पुढे खेळायला त्रास आणि उणे 80 च्या पुढे संपर्क केव्हाही तुटेल अशी अवस्था. वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही साधं अ‍ॅप हा आकडा दाखवतं. आमच्या केबिनमध्ये तो उणे 48 होता, शेडच्या मध्यावर उणे 70 आणि गेटपाशी उणे 84. दर तीन अंकांना ताकद निम्मी होते, त्यामुळे 48 ते 84 हा फरक साधारण चार हजार पटींचा झाला. पत्र्याची भिंत आणि लोखंडी मशीनं या लहरी परतवतात. म्हणून मोकळ्या मैदानात 35 मीटरला जेवढा सिग्नल मिळाला असता, त्याच्यापेक्षा शेडपलीकडे फारच कमी मिळतो.

एवढा अशक्त सिग्नल झाला तरी फोन वायफाय लगेच सोडत नाही. एकेक पॅकेट दोनदा, तीनदा, पाचदा पाठवून बघतो आणि वेग कमी कमी करत जातो. पॅकेट पोचतं, पण उशिरा. गेमच्या कोपऱ्यात ‘ms’ असा जो पिंगचा आकडा असतो, तो या वेळी चढू लागतो. पिंग म्हणजे पॅकेट सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागात. फोनवर वायफायची एखादी काडी अजून दिसत असते, म्हणून पुतण्या म्हणतो नेट आहे. आहे खरं, पण धापा टाकत चाललेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष बदल. केव्हातरी फोन ठरवतो की आता पुरे, मोबाईल डेटा बरा. कुठल्या आकड्याला सोडायचं हे फोन बनवणाऱ्यागणिक वेगळं असतं. या वेळी मोबाईलचा रेडिओ आधीपासून जागा असेल तर काम लवकर होतं. झोपलेला असेल तर त्याला उठवून टॉवरशी बोलणी करून डेटा सुरू करावा लागतो. अँड्रॉइडच्या Developer options मध्ये ‘Mobile data always active’ नावाचा पर्याय असतो तो यासाठीच. वायफाय चालू असतानाही मोबाईल डेटा जागा ठेवायचा म्हणजे बदल झटकन होतो. बॅटरी थोडी जास्त जाते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि ती फोनच्या आयकॉनवर कुठेच दिसत नाही. फोनचा पत्ता बदलतो.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला पत्ता लागतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. त्याच्यापुढे कोलन देऊन येतो तो पोर्ट नंबर, म्हणजे इमारतीच्या पत्त्यातला खोली क्रमांक समजा. गेमचा सर्व्हर आपल्याला बहुधा या जोडीवरूनच ओळखतो. वायफायवर असताना सर्व्हरला वर्कशॉपच्या ब्रॉडबँडचा पत्ता दिसतो, डेटावर गेल्यावर मोबाईल कंपनीचा. नमुन्यादाखल पत्ते घेऊन दाखवतो:

```
आधी :  198.51.100.7:41200
नंतर:  203.0.113.88:27715
```

आता सर्व्हरच्या जागी बसून बघा. पहिल्या पत्त्यावरून सेकंदाला तीस पॅकेटं येत होती, ती अचानक थांबली. त्याच वेळी दुसऱ्याच, कधी न पाहिलेल्या पत्त्यावरून कोणीतरी पॅकेटं पाठवू लागलं. ते तोच मुलगा आहे हे सर्व्हरने कशावरून मानावं? उद्या कोणीही उठून “मीच तो खेळाडू, आता इकडे राहायला आलोय” म्हणेल आणि त्याची जागा पळवेल. म्हणून सर्व्हर ती पॅकेटं फेकून देतो आणि जुन्या पत्त्याची वाट बघत राहतो. तोवर आपला खेळाडू मैदानात पुतळ्यासारखा उभा. समोरच्यांना काय, आयतंच सावज.

इकडे फोनमधल्या गेमलाही आपलं काय झालं ते कळावं लागतं. चांगला लिहिलेला गेम ‘नेटवर्क बदललं’ ही फोनची सूचना ऐकतो आणि लगेच कामाला लागतो. साधा गेम सर्व्हरकडून काहीच येत नाही असं काही सेकंद पाहतो आणि मग समजतो. त्यानंतर नव्या पत्त्यावरून पुन्हा ओळख पटवायची, सर्व्हरने ती तपासायची, मधल्या काळात मैदानात काय काय झालं ते सगळं पाठवायचं आणि मग खेळ चालू. या सगळ्याची बेरीज म्हणजे ती पाच-सात सेकंदं. त्यातला प्रत्यक्ष रेडिओ बदलण्याचा वाटा बहुतेक वेळा लहान असतो. मोठा वाटा जातो, संपर्क तुटलाय हे कळण्यात आणि नव्याने ओळख पटवण्यात. आणि या दोन्हींचा प्लॅनच्या एमबीपीएसशी काडीचा संबंध नाही.

हे सगळं बोलण्यापेक्षा करून बघू म्हटलं. वर्कशॉपला सुट्टी होती त्या दिवशी पुतण्याने मित्रांबरोबर सरावाचे सामने लावले आणि तो केबिनपासून गेटपर्यंत तीन वेळा चालत गेला. मी शेजारून त्याच्या पडद्यावरचा पिंग आणि माझ्या फोनवरचं स्टॉपवॉच बघत होतो.

पहिल्या फेरीत वायफाय आणि डेटा दोन्ही चालू, म्हणजे रोजच्यासारखंच. केबिनमध्ये पिंग 40. शेडच्या मध्यापर्यंत फारसा फरक नाही. शेडच्या पुढच्या दारापाशी तो 150, 280, 400 असा उड्या मारायला लागला. गेटपाशी पोचून थोडा वेळ थांबल्यावर चित्र थिजलं, वरचं वायफायचं चिन्ह जाऊन मोबाईल डेटाचं आलं आणि खेळ परत सुरू व्हायला सात सेकंद लागली. दुसऱ्या फेरीत डेटा बंद, फक्त वायफाय. शेडच्या दारापाशी तशाच उड्या आणि गेटपाशी खेळ अडखळत अडखळत चालला, पण ‘Reconnecting’ आलं नाही, कारण पत्ता तोच राहिला. तिसऱ्या फेरीत वायफाय बंद, फक्त डेटा. केबिनपासून गेटपर्यंत पिंग 60 ते 70 मध्ये. एकदाही अडकला नाही.

पुतण्याला याचंच आश्चर्य वाटलं. “पण काका, डेटावर पिंग जास्त आहे ना?” जास्त आहे, पण एकसारखा आहे. पिंग कायम 65 असेल तर बोटांना त्याची सवय होते आणि गेमही तेवढा उशीर सांभाळून घेतो. 40 वरून 400 वर आणि परत 40 वर आला तर ना बोटांना अंदाज येतो ना गेमला.

एक गोष्ट उलट्या दिशेची. बाहेरून वायफायच्या टापूत शिरताना अँड्रॉइड जास्त शहाणपणाने वागतो. आधी वायफाय जोडतो, त्यावरून खरोखर इंटरनेट मिळतंय का हे एका ठरलेल्या पत्त्यावर छोटी विनंती पाठवून तपासतो आणि मगच नव्या कामांसाठी वायफाय वापरू लागतो. आधीपासून चालू असलेल्या जोडण्यांना डेटावर आणखी साधारण 30 सेकंदांची सवलत देतो. सूचना ऐकणारा गेम या मुदतीत निवांत सामान हलवतो. न ऐकणारा जुन्याच जोडणीवर बसून राहतो आणि मुदत संपल्यावर डेटाची जोडणी बंद झाली तर तेव्हा तुटतो. म्हणून कधी कधी घरात शिरून सोफ्यावर बसल्यावर, वायफायच्या सगळ्या काड्या दिसत असताना, अर्ध्या मिनिटाने गेम अडकतो. मुलगा राऊटरला शिव्या देतो, पण खरं कारण तो दारातून आत आला तेव्हाच घडलेलं असतं.

मग जगात यावर कोणी उपाय काढलाच नाही का? काढलाय. मे 2021 मध्ये क्विक नावाच्या पद्धतीचं अधिकृत मानक आलं. त्यात प्रत्येक जोडणीला स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो. पत्ता बदलला तरी फोन तो क्रमांक दाखवतो, सर्व्हर नव्या पत्त्यावर एक छोटं आव्हान पाठवतो, बरोबर उत्तर आलं की जोडणी पुढे चालू. गाव बदललं तरी बँक खातं तेच राहावं तसं. त्याच्याही आधी, 2013 मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या सिरीसाठी मल्टिपाथ टीसीपी वापरलं होतं. त्यात वायफाय आणि डेटा असे दोन्ही रस्ते एकाच जोडणीला वापरता येतात. पण फोन आणि सर्व्हर दोघांनाही ही पद्धत येत असेल तरच उपयोग. गेमच्या बाबतीत ते गेम बनवणाऱ्याच्या हातात आहे, आपल्या नाही. शिवाय अशी सोय असली तरी अशक्त वायफायला चिकटून राहण्यात गेलेला वेळ त्याने भरून निघत नाही.

आपल्या हातात जे आहे ते आधी नीट ओळखण्यापासून सुरू होतं. पिंगचा आकडा आणि वरचं चिन्ह, एवढ्या दोनच गोष्टींकडे लक्ष ठेवा. थिजण्याआधी पिंग चढत गेला आणि वायफायचं चिन्ह तसंच राहिलं, तर सिग्नल अशक्त आहे. गेम थिजला आणि त्याच सुमारास चिन्ह बदललं, तर पत्ता बदलला. एका जागी बसूनही पिंग कायम दीडशे-दोनशे असेल, तर दोष पुढच्या रस्त्यात किंवा सर्व्हर लांब असण्यात आहे. आणि पिंग छान असूनही चित्र झटके देत असेल, फोन गरम लागत असेल, तर नेटचा प्रश्नच नाही, फोनचा प्रोसेसर दमलाय.

पत्ता बदलत असेल तर सगळ्यात सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे सामना सुरू होण्याआधी एकच रस्ता निवडणं. फिरायचं असेल तर वायफाय बंद करून डेटावर खेळायचं. एका जागी बसायचं असेल आणि तिथे सिग्नल उणे 65 पेक्षा चांगला असेल तर वायफायवर. आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या सेटिंगमध्ये अगदी तळाला ‘Wi-Fi Assist’ असतं आणि ते मुळातच चालू असतं. वायफाय अशक्त झालं की तो आपणहून डेटा वापरू लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनांतही वायफायच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘Switch to mobile data’ अशा अर्थाचा पर्याय असतो. सामन्यापुरता तो बंद ठेवता येतो. मात्र त्यामुळे अशक्त वायफाय सशक्त होत नाही. दुसऱ्या फेरीत पाहिलं तसं, तुटत नाही, पण अडखळतं.

कायमचा उपाय हवा असेल तर सिग्नल गेटपर्यंत न्यायला हवा आणि इथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. आम्ही केबिनमधल्या राऊटरपासून वॉचमनच्या खोलीपर्यंत लॅनची केबल ओढली. ही केबल 100 मीटरपर्यंत चालते, त्यामुळे वळणं धरूनही अडचण आली नाही. टोकाला घरी पडून असलेला जुना राऊटर लावला. पण त्याची सेटिंग बदलून ‘Access Point’ मोडवर. तसं न करता नुसता जोडला असता, तर त्याने आपलं वेगळं नेटवर्क थाटलं असतं आणि शेडच्या मध्यावर फोनचा पत्ता पुन्हा बदलला असता. म्हणजे रोग तोच, फक्त जागा बदलली. अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये पत्ते वाटायचं काम केबिनमधला मुख्य राऊटरच करतो, जुना राऊटर नुसता त्याचा लांबवलेला हात. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे अगदी सारखे ठेवले. चॅनल मात्र वेगवेगळे, म्हणजे दोघं एकमेकांवर ओरडत नाहीत.

बरोबर झालं की नाही हे तपासणं सोपं आहे. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘IP address’ बघा, केबिनमध्ये एकदा आणि गेटवर एकदा. दोन्हीकडे एकच आकडा असेल तर काम झालं. आमच्याकडे दोन्हीकडे `192.168.1.23` दिसला. आता शेड ओलांडताना फोन एका राऊटरवरून दुसऱ्यावर उडी मारतो तेव्हा क्षणभर झटका बसतो, कधी कधी तोही जाणवत नाही. सर्व्हरच्या दृष्टीने मुलगा जागचा हललेलाच नाही.

अण्णाचा 50 एमबीपीएसचा प्लॅन आहे तोच आहे, खर्च झाला तो फक्त केबलचा. रविवारी पुतण्याची टीम दुसऱ्या फेरीत हरली, पण ती समोरचे चांगले खेळले म्हणून. याला कोणी काढलं नाही. गेटच्या बाहेर रस्त्यावर गेलं तर मात्र जुनाच नियम. तिथपर्यंत अण्णाचं वायफाय पोचत नाही, त्यामुळे टेम्पोत माल चढवायला बाहेर थांबायचं असेल तर पोरगं आधी वायफाय बंद करतं, मग सामना लावतं.

तुमच्या घरी गच्चीवर, जिन्यात किंवा अंगणात गेम अडकत असेल, तर प्लॅनसाठी फोन करण्याआधी एवढं एक करा. मुलाला सांगा, एक सामना पूर्ण डेटावर खेळ आणि नेहमीच्याच जागांवरून फीर. त्यात अडकला नाही, तर तुमचा प्लॅन पुरेसा आहे, मधे बदलतोय तो पत्ता.